एका ‘म’चा हप्ता

चाकणच्या एका कारखानदारांचं पत्र इटालियनमध्ये करून द्यायचं होतं. बोलोन्याजवळच्या कंपनीकडून त्यांनी पॅकिंग मशीन घेतलं, पण ते बसवायला त्या कंपनीचा तंत्रज्ञ काही आला नाही, म्हणून शेवटचा हप्ता यांनी अडवलेला. पत्राचा सगळा जीव एका वाक्यात होता: ‘तुमचा माणूस आला असता तर आम्ही पैसे दिले असते.’

कच्चा खर्डा ऑफिसातल्या नव्या मुलीनं केला होता. ‘से’ म्हणजे ‘जर’, आणि त्याच्यापुढे तिनं ‘वेर्रेब्बे’ लिहिलं होतं. मराठीत दोन्हीकडे ‘असता, असते’ असतं, म्हणून तिनंही दोन्हीकडे कोन्दित्सिओनाले, म्हणजे ‘तर असं होईल, झालं असतं’ सांगणारं क्रियापदाचं रूपच घातलं. इटालियनमध्ये हे रूप फक्त परिणामाच्या बाजूला बसतं. अशा अटीच्या बाजूला कोंज्युन्तीवो, म्हणजे कल्पनेतली गोष्ट सांगणारं रूप लागतं. ‘तो येईल की नाही कोण जाणे’ अशा अर्थाचा ‘से’ असेल तर गोष्ट वेगळी.

पण दुरुस्त तरी काय करायचं? मूळ वाक्य दोन्हीकडे झुकत होतं. ‘से फोस्से वेनूतो, आव्रेम्मो पागातो’ लिहिलं तर अर्थ होतो की तो आला नाही, पैसे दिले नाहीत, विषय संपला. ‘से वेनिस्से, पागेरेम्मो’ लिहिलं तर दार किलकिलं राहतं, पण लिहिणाऱ्याला तो येईलसं फारसं वाटत नाही. साहेबांना फोन केला.

‘अहो मॅडम, अजून आला तरी चालेल की! १५ तारखेच्या आत आला तर लगेच पैसे सोडतो.’

म्हणजे ही तर सरळ खरी अट. इथे मराठीतला ‘आला’ फसवतो. तो भूतकाळी दिसतो म्हणून ‘से ए वेनूतो’ केलं, तर ‘आला असेल तर’ असा अर्थ होऊन बसतो. दोन्हीकडे निर्देशार्थ, म्हणजे गोष्ट सरळ सांगणारं साधं रूपच हवं: ‘से इल वोस्त्रो तेक्निको वेर्रा एन्त्रो इल १५, पागेरेमो ला राता.’ ‘वेर्रा’च्या जागी वर्तमानकाळी ‘विएने’ही चालतं.

साहेबांची तक्रारही राहू द्यायची होती. ती त्याआधी स्वतंत्र वाक्यात घातली: ‘से फोस्से वेनूतो आ मार्त्सो, ओज्जी ला माक्किना सारेब्बे इन फुन्त्सिओने.’ मार्चमध्ये आला असता तर आज मशीन चालू असतं. अट भूतकाळातली आणि परिणाम आजचा, म्हणून पुढे ‘सारेब्बे स्ताता’ नाही, नुसतं ‘सारेब्बे’.

अंतिम प्रत तिनंच टाइप केली. त्यात ‘पागेरेमो’चं ‘पागेरेम्मो’ झालं होतं. एक ‘म’ वाढला की पक्क्या ‘देऊ’चं ‘आलाच तर देऊही, पण येईलसं वाटत नाही’ होतं. शब्द दोन्ही बरोबर, त्यामुळे स्पेलचेक गप्प. मी तिला वाक्य मोठ्यानं वाचायला लावलं. जोडाक्षरावर जीभ थांबली तेव्हा तिचं तिलाच सापडलं.