लांबात लांब शिडी हवी, तर किमान किंमत कशाला? माझा अनुभव

भाचीच्या क्लासच्या नोट्समध्ये या गणिताचं उत्तर जेमतेम अर्ध्या पानात उरकलंय, आणि त्यातली एक ओळ अजून माझ्या डोक्यातून जात नाही. प्रश्न असा: काटकोनात मिळणाऱ्या दोन बोळांच्या कोपऱ्यावरून, आडवी धरून, जास्तीत जास्त किती लांबीची शिडी वळवता येईल? आणि ती ओळ: "म्हणून L ची किमान किंमत काढू." म्हणून म्हणजे कशावरून? हवी सगळ्यांत लांब शिडी आणि काढायची सगळ्यांत लहान L! भाचीने विचारलं, "मामा, हे उलटं नाही का?" क्लासमध्ये तिला "पॅटर्न लक्षात ठेव" एवढंच उत्तर मिळालं होतं.

मला हे गणित आमच्या गिरगावातल्या चाळीसाठीही हवं होतं. गॅलरीतल्या दिव्यांसाठी शिडी घ्यायची ठरली होती आणि सेक्रेटरींचं म्हणणं होतं, नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जाऊन सरळ दहा फुटी उचलावी. आमची गॅलरी चार फूट रुंद. ती जिथे संपते तिथून काटकोनात वळणारा बोळ तीन फूट. मापं मी स्वतः टेपने घेतली, तीही कोपऱ्याजवळ, कारण जुन्या इमारतीत गिलावा आणि पाइप यांनी मधेच दोन इंच खाल्लेले असतात.

मांडणी सोपी आहे. शिडी गॅलरीच्या बाहेरच्या भिंतीशी θ कोन करते असं धरा. तिचं एक टोक त्या भिंतीला, दुसरं बोळाच्या बाहेरच्या भिंतीला, आणि मधे आतला कोपरा तिला टेकलेला. कोपऱ्यामुळे या रेषेचे दोन तुकडे होतात: गॅलरीतला 4/sin θ आणि बोळातला 3/cos θ. दोन्ही मिळवले की L.

इथेच थांबायला हवं, आणि नोट्स थांबत नाहीत. हा L म्हणजे शिडी नव्हेच. शिडीची लांबी ठरलेली असते, ती कोनागणिक बदलत नाही. बदलते ती त्या कोनाला कोपऱ्यावर मिळणारी जागा. नोट्समध्ये दोन्हींना एकच अक्षर वापरलंय आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. मी भाचीच्या वहीत L खोडून J लिहिलं, J म्हणजे जागा:

J(θ) = 4/sin θ + 3/cos θ

मग तिलाच आकडे काढायला लावले. ३० अंशाला जागा ११.४६ फूट, ४५ ला ९.९०, ६० ला १०.६२. (कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे ना, हे आधी बघा.) कोन शून्याकडे किंवा नव्वदकडे नेला की जागा वाढतच जाते, कारण तेव्हा शिडी जवळजवळ सरळ एकाच बोळात असते.

आता शिडी वळवायची म्हणजे काय करायचं? गॅलरीत ती भिंतीला समांतर असते, म्हणजे कोन शून्य. बोळात गेली की नव्वद. मधला एकही कोन तिला टाळता येत नाही. ३० अंशाला दीड फूट मोकळी जागा मिळाली तरी ती पुढे ४५ ला कामी येत नाही. वाटेत पाच पूल असले तर ट्रकची उंची सगळ्यांत बुटका पूल ठरवतो, तसंच हे. वाटेतल्या सगळ्यांत अरुंद कोनाला जेवढी जागा, तेवढीच शिडीची कमाल लांबी. J किमान काढायचा तो यासाठी.

तिला हे पटलं, पण मला ते तिच्या हातात द्यायचं होतं. ड्रॉइंग पेपरवर फुटाला दोन सेंटिमीटर धरून दोन्ही बोळ आखले आणि जुन्या कॅलेंडरची वीस सेंटिमीटरची अरुंद पट्टी कापली. ही दहा फुटी शिडी. पट्टी गॅलरीतून छान सरकत गेली, दोन्ही टोकं बाहेरच्या भिंतींना लावत, आणि ४२ अंशांच्या जरा पुढे आतल्या कोपऱ्यावर चढून बसली. मग उलट, बोळाकडून आणली. ५३ च्या आसपास अडकली. तिथे sin बरोब्बर ०.८ आणि cos ०.६ घेतले तर दोन्ही तुकडे पाच-पाच फुटांचे येतात, म्हणजे जागा नेमकी दहा. ४२ ते ५३ या जेमतेम अकरा अंशांत दहा फुटी शिडीला जागा नाही, बाकी सगळीकडे आहे. त्या अकरा अंशांनीच सेक्रेटरींची शिडी बाद केली.

पुढचं डेरिव्हेटिव्ह भाचीने एका दमात केलं. ते शून्य धरलं की tan³θ = 4/3 येतं, कोन सुमारे ४७.७ अंश. सूत्रात बसवलं की

J = (4^(2/3) + 3^(2/3))^(3/2) ≈ 9.87

म्हणजे साधारण नऊ फूट साडेदहा इंच. दहा फुटीला दीड इंच कमी पडतो. दोन्ही टोकांना जागा अमर्याद वाढते आणि मधे डेरिव्हेटिव्ह एकदाच शून्य होतं, म्हणून हा किमानच आहे. दुसरं डेरिव्हेटिव्ह काढत बसायची गरज नाही.

उत्तर तपासायचा एक उपाय आधीच सांगायला हवा होता: दोन रुंदींच्या बेरजेला १.४१४ ने गुणा. ती ४५ अंशाची जागा. तुमचं उत्तर तिच्यापेक्षा जास्त आलं तर नक्की चुकलं, कारण किमान जागा कुठल्याही एका कोनाच्या जागेपेक्षा मोठी असूच शकत नाही. आमच्याकडे ती ९.९० आहे.

एवढ्यावर नऊ फूट दहा इंचांची शिडी घ्यायला कुणी निघेल, तर थांबा. नोट्समधली शिडी नुसती रेषा आहे. खऱ्या शिडीला जाडी असते आणि ती w असेल तर जागेतून w/(sin θ cos θ) वजा होतं. पंचेचाळीसच्या आसपास हे जवळजवळ दुप्पट: एक इंच जाडी दोन इंच लांबी खाते. दुकानातल्या ॲल्युमिनियमच्या शिडीची दांडी मी मोजली, तीन इंच. शिडी कडेवर उभी धरून नेली तर सहा इंच जातात आणि मर्यादा नऊ फूट चार इंचांवर येते. तीच शिडी सपाट आडवी धरली तर तिची पंधरा इंच रुंदीच w होते आणि सात फूट चार इंचांच्या पुढे काही वळत नाही.

आम्ही नऊ फुटी घेतली. आणणाऱ्यांना जिन्यातच सांगितलं की कोपऱ्याच्या आधी शिडी कडेवर करा. कोपऱ्यावर मी टेप लावून पाहिला, दांडी आणि आतला कोपरा यांच्यात दोन बोटं जागा होती.