सात महिन्यांची लेक आणि दवाखान्यातला गोवर: माझा अनुभव

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता दवाखान्यातून फोन आला. सोमवारी आम्ही तिथे गेलो होतो, त्याच सकाळी तपासून गेलेल्या एका मुलाला गोवर असल्याचं प्रयोगशाळेच्या अहवालातून नक्की झालं होतं. माझी धाकटी तेव्हा सात महिन्यांची. गोवराची लस कुठे 9 महिने पूर्ण झाल्यावर देतात, कुठे वर्ष झाल्यावर. आमच्याकडे वर्षाची वाट पाहायची होती. तिला अजून गोवराच्या लशीचा एक थेंबही मिळालेला नव्हता.

फोनवरच्या बाई धीर द्यायच्या सुरात म्हणाल्या, "तुम्ही आलात तेव्हा ते मूल निघून गेलं होतं, काळजी करू नका." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण हेच वाक्य ऐकून मी गप्प बसले असते तर सगळंच हातातून गेलं असतं. मी वेळा विचारल्या. ते मूल 9 वाजून 50 मिनिटांनी आलं आणि 10 वाजून 20 मिनिटांनी गेलं. आम्ही 11 वाजता पोचलो आणि त्याच बाकांवर अर्धा तास बसलो. मधलं अंतर 40 मिनिटांचं. गोवराचा विषाणू हवेतून पसरतो आणि रुग्ण खोलीतून गेल्यावरही तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. समोरासमोर येण्याची, खोकला अंगावर येण्याची गरजच नसते. त्या मुलाला सोमवारी फक्त ताप, खोकला आणि लाल डोळे होते, पुरळ मंगळवारी उठलं. पण पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून ते आल्यावर चार दिवसांपर्यंत रुग्णाकडून संसर्ग होतो, म्हणजे सोमवार बरोबर त्या दिवसांत येत होता.

मी लगेच आमच्या बालरोगतज्ज्ञ मॅडमना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो संपर्काच्या नेमक्या वेळेचा आणि दुसरा लेकीच्या वजनाचा. या दोन गोष्टींवर पुढचं सगळं ठरतं, हे मला तेव्हा कळलं.

घड्याळ सुरू होतं ते संपर्काच्या क्षणापासून. बातमी कळली तेव्हापासून दिवस मोजणं ही सर्वांत मोठी चूक. आमचं घड्याळ सोमवारी 11 वाजता सुरू झालं होतं. बाळ सहा महिन्यांवरचं असेल तर संपर्कानंतर 72 तासांच्या आत गोवराची लस देऊन आजार टाळता येऊ शकतो, वय नेहमीच्या वेळापत्रकाहून कमी असलं तरी. आमचे 72 तास गुरुवारी सकाळी 11 वाजता संपले होते आणि अहवाल आला शुक्रवारी. असं बहुतेकांच्या बाबतीत होत असणार, कारण पुरळ उठेपर्यंत गोवराचा संशयच येत नाही आणि त्यानंतर तपासणीत दिवस जातात.

उरला होता दुसरा उपाय. संपर्कापासून सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन. दान केलेल्या रक्तद्रवातून काढलेल्या तयार अँटिबॉडीज त्यात असतात. बाळाच्या शरीराला त्या तयार करायला शिकवण्याइतका वेळ उरलेला नसतो, म्हणून आयत्या पुरवायच्या. सहा महिन्यांखालच्या बाळाला तर लशीचा पर्यायच नसतो, त्याच्यासाठी हाच मार्ग. आमचे सहा दिवस रविवारी सकाळी 11 वाजता संपणार होते, आणि मध्ये होता शनिवार.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझ्या अंगातून तिला काही मिळालंच असेल की." मलाही तसंच वाटत होतं, म्हणून मॅडमना विचारलं. त्यांनी सांगितलं की गर्भात असताना आईकडून अँटिबॉडीज मिळतात खऱ्या, पण त्या महिन्यागणिक ओसरत जातात. ज्या आईला लहानपणी प्रत्यक्ष गोवर झालेला असतो तिच्या बाळात त्या जास्त काळ टिकतात. माझ्यासारखी लस घेतलेली आई असेल तर लवकर संपतात. सात महिन्यांच्या बाळात त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. अंगावरचं दूध चालू ठेवायचंच, पण या आजारापुरतं ते संरक्षण नव्हे.

खरी धावपळ झाली ती औषध मिळवताना. हे इंजेक्शन प्रत्येक दवाखान्याच्या फ्रीजमध्ये नसतं. मॅडमनी आरोग्य विभागाच्या साथरोग कक्षाला कळवलं, आणि मीही त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलले. बाळाचं वय, वजन, संपर्काची तारीख, वेळ आणि जागा कागदावर लिहून ठेवली होती, त्यामुळे प्रत्येक नव्या माणसाला गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली नाही. एका औषधालयातून "इम्युनोग्लोब्युलिन आहे" असं उत्तर आलं, पण ते धनुर्वातावरचं होतं. नाव अर्धं सारखं असतं म्हणून घोळ होतो. आपल्याला हवं असतं साधं, म्हणजे नॉर्मल ह्यूमन इम्युनोग्लोब्युलिन. रात्री साडेनऊला एका मोठ्या रुग्णालयात ते असल्याचं कळलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी 12 ची वेळ मिळाली.

तिथे जाण्याआधी फोन करून सांगायचं, हे मला मॅडमनी दोनदा बजावलं. प्रतीक्षागृहात बसायचं नाही. आम्ही बाजूच्या दाराने थेट एका खोलीत गेलो. लेकीचं वजन पुन्हा केलं, 7.4 किलो. तिथल्या नियमानुसार मात्रा किलोमागे 0.5 मिलिलिटर, म्हणजे एकूण 3.7 मिलिलिटर. ही मात्रा आणि वयाच्या मर्यादा देशागणिक थोड्या बदलतात, त्यामुळे माझा आकडा कुणी आपल्या बाळासाठी वापरू नये. पण वजन जुन्या नोंदीतून न घेता त्याच दिवशी करून घ्यावं, एवढा आग्रह जरूर धरावा. सात महिन्यांच्या मांडीला 3.7 मिलिलिटर खूप होतं, म्हणून ते वाटून दोन्ही मांड्यांत दिलं. औषध घट्टसर असतं आणि हळूहळू सोडावं लागतं. ती आकांताने रडली आणि मीही तिच्याबरोबर रडले. अर्धा तास थांबवून तिच्यावर लक्ष ठेवलं, मग घरी पाठवलं.

थोरला चार वर्षांचा. तोही सोमवारी बरोबर होता आणि त्याचा लशीचा एकच डोस झाला होता. एका डोसाने साधारण 93 टक्के आणि दोन डोसांनी 97 टक्के संरक्षण मिळतं. त्याला त्याच शनिवारी दुसरा डोस दिला. 72 तास उलटून गेल्याने सोमवारच्या संपर्कासाठी त्याचा फार उपयोग नव्हता, पण तो राहिलेलाच होता आणि घरातून लेकीला होणारा पुढचा धोका त्याने कमी झाला. माझ्या दोन्ही डोसांची नोंद आईने जपून ठेवलेल्या कार्डावर सापडली.

नंतरचे दिवस अवघड गेले. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे हमी नव्हे. त्याने आजार टळू शकतो किंवा सौम्य होऊ शकतो, पण होणारच नाही असं कुणी सांगू शकत नाही. शिवाय आजार व्हायचाच असेल तर तो उशिरा दिसतो. एरवी संपर्कानंतर 21 दिवस लक्ष ठेवतात, इंजेक्शन घेतलं असेल तर 28 दिवस. पाचव्या दिवसापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत तिने घराबाहेर जायचं नाही, पाळणाघर नाही, पाहुणे नाहीत. माझ्या गरोदर नणंदेला मी स्वतः फोन करून येऊ नको म्हटलं, कारण गरोदरपणात गोवर धोक्याचा असतो आणि त्या काळात लसही घेता येत नाही.

त्या काळात तपासणी करून मन शांत करावं असं वाटत होतं. मॅडम म्हणाल्या, लक्षणं नसताना केलेल्या तपासणीतून काहीच कळत नाही. त्याऐवजी रोज दोनदा ताप मोजायचा आणि नाक, डोळे पाहायचे. गोवर आधी ताप, खोकला, नाक वाहणं आणि लाल, पाणावलेले डोळे असा येतो. पुरळ दोन-चार दिवसांनी येतं, केसांच्या रेषेपाशी आणि चेहऱ्यावर सुरू होऊन खाली उतरत जातं. म्हणजे पुरळाची वाट पाहत बसणं चूक.

अकराव्या दिवशी, शुक्रवारी रात्री, तिला 38.2 ताप आला आणि नाक वाहू लागलं. माझे हातपाय गळाले. तरी आधी फोन केला. ती धाप टाकते का, दूध घेते का, लघवीचे लंगोट नेहमीइतके ओले होतात का, सहज जागी होते का, हे त्यांनी एकेक करून विचारलं. दूध कमी पण चालू होतं, श्वास ठीक होता. यातलं एक जरी बिघडलं असतं तर रात्रीच निघायचं ठरलं होतं, आणि तिथेही फोन करून, सगळ्यांपासून वेगळं. सकाळी मॅडमनी तिला गाडीतच तपासलं आणि घशाचा स्वॅब घेतला. तिथेच त्यांनी सांगितलं की गोवर निघालाच तर बाळाच्या वयानुसार अ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा दोन दिवसांत देतात. पण तो उपचार आजार झाल्यावरचा, डॉक्टरांनी द्यायचा. आजार टाळण्याचा उपाय म्हणून घरी थेंब देणं घातक ठरू शकतं. रविवारी अहवाल आला, गोवर नव्हता. साधी सर्दी होती. तरीही 28 दिवसांचं बंधन कमी झालं नाही.

अठ्ठाविसावा दिवस सोमवारी आला. कागदावरच्या शेवटच्या रकान्यात मी तापमान लिहिलं, 36.8.

एक काम मात्र मागे राहतं आणि तेच विसरलं जातं. आयत्या मिळालेल्या अँटिबॉडीज गोवराच्या लशीतला जिवंत पण दुबळा केलेला विषाणूही नष्ट करतात. लवकर लस दिली तर ती वाया जाते आणि कार्डावर मात्र झाल्याची नोंद पडते. आम्हाला सहा महिने थांबायला सांगितलं. शिरेतून जास्त मात्रा दिली असेल तर याहून जास्त थांबावं लागतं. त्रिगुणी, पोलिओ, रोटाव्हायरस अशा बाकीच्या लशींना याची आडकाठी नाही, त्या ठरल्या वेळी झाल्या. मी कार्डाच्या पहिल्या पानावर लाल पेनाने इंजेक्शनची तारीख, मात्रा आणि "गोवर लस सहा महिन्यांनंतर" असं लिहून घेतलं. बरं झालं, कारण वर्षाच्या लसीकरणाला वेगळ्या परिचारिका होत्या आणि त्यांनी सिरिंज भरायला घेतलीच होती. मी कार्ड पुढे केलं. ती लस तेरा महिने पूर्ण झाल्यावर दिली, आणि दुसऱ्या डोसाची तारीख त्याच लाल अक्षरांखाली लिहून आणली.