सतरा नंबरचा निबंध आणि ०.६४

आमच्या फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयाने उच्च माध्यमिकच्या मुलांसाठी मराठी निबंध स्पर्धा ठेवली होती. विषय होता ‘आमच्या गावचे पाणी’. तीस निबंध आले. परीक्षक आम्ही दोघे होतो: मी, आणि दोन वर्षांपूर्वी सांगलीकडून गोव्यात आलेले एक सर. सुरुवातीला दहा निबंध दोघांनी वेगवेगळे तपासले आणि संध्याकाळी गुण शेजारी शेजारी मांडले, तर जवळजवळ प्रत्येक निबंधाला सरांचे गुण माझ्यापेक्षा तीन-चारने कमी. वीसपैकी तीन-चार गुण म्हणजे थोडे नाहीत. वाचनालयाच्या चिटणीसकाकांचा चेहराच उतरला.

मला मात्र वेगळी शंका होती. सरांचा हात कडक आहे, हे मान्य. पण ते सगळ्यांनाच सारखे कडक असतील, तर बक्षिसाच्या यादीत काहीच बदलणार नाही. पहिला तो पहिलाच राहील. खरा प्रश्न असा, की कोणता निबंध कोणाच्या वर, याबद्दल आमचे एकमत आहे का? आणि गुणांवरून ते धड कळेना. माझे चार निबंध १३ गुणांवर अडकले होते, सरांचे तीन १० वर. सारख्या गुणांच्या निबंधांना मधला क्रमांक वाटून द्यावा लागतो; चौथ्या ते सातव्या जागेवर चार निबंध असतील तर चौघांनाही साडेपाच. अशा बरोबऱ्या फार झाल्या की दोन क्रम किती जुळतात ते मोजणारे सोपे सूत्र नेमके उत्तर देत नाही, आणि मुळात परीक्षकाने निवड टाळलेली असते ती टाळलेलीच राहते.

बी.एड.ला असताना क्रमांतर पद्धत शिकले होते. चार्ल्स स्पिअरमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९०४ साली मांडलेला क्रम-सहसंबंध तो हाच. परीक्षेपुरता पाठ केला होता, खरोखरच्या वह्यांवर कधी वापरला नव्हता. सरांना विचारले. ते म्हणाले, “मॅडम, करून बघू. पण मग गुण बाजूला ठेवायचे आणि वह्या नुसत्या ओळीत लावायच्या.”

ते दहा निबंध तसेच ठेवायचे की बदलायचे, यावर थोडे बोलणे झाले. ते यादीतला दर तिसरा असे घेतलेले होते आणि मी तेच ठेवायचा आग्रह धरला. चिटणीसकाकांचे म्हणणे होते की वरचे दहा घ्या, बक्षीस तर त्यांनाच आहे. पण वरचे दहा एकमेकांच्या फार जवळ असतात. त्यांच्यात दोन चांगले परीक्षकसुद्धा सहज वेगळा क्रम लावतील, आणि आकडा उगाच खाली येईल. चांगले, मधले, कच्चे असे सगळे त्यात हवेत.

नावे कापून नंबर घातले. प्रत्येक निबंधाच्या दोन झेरॉक्स काढल्या, म्हणजे एकाची पेन्सिलखूण दुसऱ्याला दिसणार नाही. दोघांचे गठ्ठे वेगवेगळे पिसले, कारण पहिला वाचलेला निबंध पुढच्यांचे माप ठरवतो आणि दोघांनी एकाच क्रमाने वाचले तर तो परिणाम एकमत म्हणून मोजला जातो. आधी दिलेले गुण डोक्यात राहू नयेत म्हणून आठ दिवस मध्ये जाऊ दिले. मग मी वाचनालयाच्या सभागृहात चटईवर वह्या मांडल्या. वरच्या दोन आणि खालच्या दोन चटकन लागल्या. मधल्या सहांनी दोन तास घेतले. शेवटी एकेक वही हातात घेऊन ‘ही हिच्यापेक्षा बरी का?’ एवढेच विचारत गेले, तेव्हा ओळ लागली. सरांनी त्यांची ओळ घरी लावली.

दोन्ही ओळी मिळाल्यावर प्रत्येक निबंधाच्या दोन क्रमांकांतला फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा, सगळ्यांची बेरीज करायची. सूत्र असे, त्यात d म्हणजे हा फरक आणि n म्हणजे निबंधांची संख्या:

```
rho = 1 - (6 × Σd²) / (n × (n² - 1))
```

दोन्ही क्रम तंतोतंत जुळले तर उत्तर १, अगदी उलटे असले तर उणे १, काहीच संबंध नसला तर शून्याच्या आसपास. वर्ग करण्यापूर्वी एक ताळा करावा: फरकांची चिन्हांसकट बेरीज शून्यच यायला हवी. माझी पहिल्यांदा उणे एक आली. पाहिले तर सरांच्या ओळीत मी सहावा क्रमांक दोनदा लिहिला होता आणि पाचवा कुठेच नव्हता. वर्ग केल्यावर चिन्हे जातात आणि अशी चूक सापडत नाही, म्हणून हा ताळा आधीच करायचा.

माझ्या पहिल्या ते दहाव्या निबंधाला सरांनी दिलेले क्रमांक ओळीने असे होते: १, ९, २, ३, ४, ६, ५, ८, ७, १०. फरकांचे वर्ग ०, ४९, १, १, १, ०, ४, ०, ४, ०. बेरीज ६०. सहापट ३६०, भागिले १० गुणिले ९९ म्हणजे ९९०. उत्तर आले ०.६४.

इथे थांबून तो आकडा नुसता वर पाठवला असता तर आम्ही दोघेही ‘मध्यम जुळणारे परीक्षक’ ठरलो असतो, आणि ते खरे नव्हते. वरची ओळ पुन्हा वाचून बघा. साठपैकी एकोणपन्नास एकट्या एका निबंधाचे आहेत. तो सतरा नंबरचा निबंध: माझा दुसरा, सरांचा नववा. तो बाजूला काढून उरलेल्या नऊंना नव्याने क्रमांक दिले, तर वर्गांची बेरीज फक्त ४ राहिली आणि उत्तर ०.९७ झाले. नऊ निबंधांवर आमचे जवळजवळ पूर्ण एकमत होते, भांडण एकाच निबंधावर होते.

हेच जोड्यांनीही पाहता येते. दहा निबंधांच्या ४५ जोड्या होतात. दर जोडीत वरचा कोण यावर आमचे ३६ वेळा जुळले, ९ वेळा उलटले. त्या नऊपैकी सात जोड्यांत सतरा नंबर होता. छत्तीसमधून नऊ वजा करून पंचेचाळिसाने भागले की ०.६० येतो. हा संख्याशास्त्रज्ञ मॉरिस केंडॉलचा १९३८ सालचा टाऊ नावाचा सहसंबंध. मला हा जास्त आवडतो, कारण चिटणीसकाकांना तो एका वाक्यात सांगता आला: पाचपैकी चार जोड्यांत आम्ही एकच निबंध वर ठेवला.

सतरा नंबरचे काय करायचे? काका म्हणाले, दोघांच्या क्रमांकांची बेरीज करा. केली. बेरजेप्रमाणे तो पाचवा आला. एका परीक्षकाच्या मते तो दुसरा, दुसऱ्याच्या मते नववा, आणि निकालात पाचवा, म्हणजे दोघांपैकी कोणीही न दिलेली जागा. मला ते पटेना. आम्ही दोघांनी तो निबंध एकत्र वाचला.

मुलगा झुआरीकाठचा होता, हे मजकुरावरूनच कळत होते. त्याने खाजनाबद्दल लिहिले होते: खारे पाणी अडवणारा बांध, त्या बांधातली दारे, भाताचे शेत. एक वाक्य होते, ‘भरती आली की मानस आपोआप बंद होते.’ त्याखाली सरांची लाल रेघ. सरांनी ‘मानस’ म्हणजे मन असे धरले होते आणि मुलगा काहीतरी अलंकारिक लिहायला जाऊन फसला, असे त्यांना वाटले होते. गोव्यात बांधातल्या पाण्याच्या दाराला मानस म्हणतात. भरतीचे पाणी दाराच्या फळ्यांवर दाबले की त्या मिटतात, ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. त्या एका वाक्यात मुलाने अख्खी रचना सांगितली होती. सरांच्या सहा लाल रेघांपैकी चार अशाच कोकणी शब्दांखाली होत्या. उरलेल्या दोन मात्र खऱ्याच चुका होत्या, ह्रस्व-दीर्घाच्या, आणि त्या मी वाचताना सोडून दिल्या होत्या. विषयाचा आनंद झाला की माझे शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष होते, हे सरांनी मला दाखवले. शेवटही घाईने गुंडाळलेला होता. मी दिलेला दुसरा क्रमांक जरा चढाच होता.

आता तेच दहा निबंध पुन्हा लावले असते तर आकडा वर गेला असताच, पण त्यातून एवढेच कळले असते की आम्ही बोललो. म्हणून आधी काय पाहायचे ते अर्ध्या पानावर लिहून काढले, मग उरलेल्या वीसांतून न वाचलेले दहा घेतले. हे दहा टाइप करून घेतले. मला एक भीती होती: आम्हा दोघांनाही सुंदर अक्षर आवडते, आणि दोघांची चूक एकाच बाजूची असेल तर सहसंबंध तिला एकमत म्हणून दाखवतो. या वेळी वर्गांची बेरीज १४ आली, उत्तर ०.९२. मात्र ०.६४ वरून ०.९२ ही सगळी वाढ त्या अर्ध्या पानाची, असे मी म्हणणार नाही. निबंध वेगळे होते, अक्षर गेले होते, आणि दहाच्या संचात एका वहीने आकडा किती हलतो ते आम्ही नुकतेच पाहिले होते.

उरलेले दहा आम्ही त्याच पद्धतीने लावले. पहिल्या दहांची मूळ गठडी डिचोलीच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे दिली. वाद कोणत्या निबंधावर आहे हे त्यांना सांगितले नाही. दहाही निबंध त्यांनी ओळीत लावायचे, एवढेच. सतरा नंबर त्यांनी चौथा लावला. बाकीची त्यांची ओळ आमच्या दोघांच्याही ओळीशी जवळजवळ जुळत होती, म्हणून त्यांचा हा चौथा क्रमांक आम्ही ग्राह्य धरला. सगळ्या तीसांत त्या निबंधाला पहिल्या तिघांत जागा मिळाली नाही, उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले.

बक्षीस समारंभाआधीच सरांनी पुढच्या वर्षीच्या परीक्षकांसाठी त्या अर्ध्या पानाच्या तळाला आपल्या हाताने एक ओळ वाढवली: ‘स्थानिक वस्तूचा स्थानिक शब्द चूक धरू नये, न कळलेला शब्द वेगळ्या कागदावर टिपावा आणि क्रम लावण्याआधी चिटणीसांकडून त्याचा अर्थ विचारून घ्यावा.’