फ्रीजच्या मागच्या भिंतीवर पाणी का साचत होतं: माझा अनुभव

गौरीजेवणाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या फ्रीजच्या मागच्या भिंतीवर थेंब दिसायला लागले. सकाळी वरच्या कप्प्यापुरते होते, संध्याकाळपर्यंत भिंतभर झाले. काचेच्या शेल्फांना ओल, डब्यांच्या झाकणांवर पाणी, भाजीच्या ट्रेवरच्या काचेवर थारोळं, आणि कोथिंबिरीची जुडी काळी पडून चिकट झालेली. फ्रीज दोन दारांचा, फ्रॉस्ट फ्री, साधारण 260 लिटरचा. घर डोंबिवलीत, बाहेर भाद्रपदातला पाऊस. जाऊबाई म्हणाल्या, "गॅस गेला असणार." शेजारच्या काकूंनी रबर बदलायला सांगितलं. दोन्ही खर्चाची कामं, म्हणून आधी नीट बघायचं ठरवलं.

गॅसची शंका लवकर मिटली. गॅस कमी झाला तर फ्रीजरमध्ये बर्फ नीट होत नाही. आमचा बर्फ दगडासारखा होता. रबरासाठी दहाची नोट दारात धरून दार लावलं आणि नोट ओढून पाहिली. चारही बाजूंना ती घट्ट धरलेली होती. शिवाय रबर सैल असेल तर ओल दाराच्या कडेला आणि पुढच्या भागात जास्त दिसते, कारण बाहेरची दमट हवा तिथून आत शिरते. आमच्याकडे पुढचा भाग त्या मानाने कोरडा होता आणि मागची भिंत निथळत होती.

एक गोष्ट मात्र बुचकळ्यात टाकणारी होती. मधल्या शेल्फवर पेलाभर पाण्यात थर्मामीटर रात्रभर ठेवला होता, तो सकाळी 9 अंश दाखवत होता. तिथं 4-5 हवेत. आणि त्याच शेल्फवर अगदी मागे टेकलेल्या दह्याच्या वाटीत बर्फाचे कण झालेले. एकाच कप्प्यात पुढे कोमट आणि मागे गोठलेलं. आमच्या सोसायटीत फ्रीज-एसीची कामं करणारे दादा आहेत, त्यांना फोनवर एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "ताई, मी येतो, पण आज नको. आज सगळे डबे मागच्या भिंतीपासून दोन बोटं पुढे ओढा, खाचा मोकळ्या करा आणि उद्या मला सांगा."

डबे बाहेर काढले तेव्हा त्या खाचा पहिल्यांदा नीट दिसल्या. फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये गारवा तयार होतो तो फ्रीजरच्या मागे लपलेल्या कॉइलवर. पंखा ती गार हवा मागच्या भिंतीतल्या पोकळीतून खाली ढकलतो आणि ती प्रत्येक कप्प्यामागच्या खाचांतून बाहेर येते. कप्प्यांमधून फिरून, पदार्थांची उष्णता आणि दमटपणा घेऊन ती पुन्हा कॉइलकडे परतते. तिथं दमटपणाचं हिम होतं. ठरावीक वेळाने हीटर ते वितळवतो, पाणी नळीवाटे फ्रीजच्या मागे खाली कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये जातं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. म्हणजे आतला ओलावा बाहेर काढायची सोय फ्रीजमध्ये आहेच, पण हवा फिरली तरच ती चालते.

आमच्याकडे ती फिरत नव्हती. वरच्या खाचेसमोर पुरणाचा मोठा स्टीलचा डबा उभा होता, मधल्या खाचेला मिठाईचा खोका टेकलेला. शेल्फांवर अंथरलेल्या प्लास्टिकच्या मॅट मागे लोंबत होत्या, त्यामुळे काच आणि भिंत यांच्यामधली हवा खाली उतरायची फटही बुजली होती. खाचेतून निघालेली हवा डब्यावर आपटून तिथंच घोटाळत होती. समोरचा पदार्थ त्यामुळे गोठायचा, भिंत जास्तच गार व्हायची आणि दाराकडचं दूध मात्र नीट गार होत नव्हतं. कोंडलेल्या हवेतलं पाणी मग सगळ्यात गार जागा गाठून तिथं बसायचं, म्हणजे मागच्या भिंतीवर.

पण एवढं पाणी आलं कुठून, हा प्रश्न उरलाच. त्याचं उत्तर वरच्या काचेच्या शेल्फच्या खालच्या बाजूला मिळालं. टॉर्च धरून खालून पाहिलं तर तिथं थेंबांचं एक गोल वर्तुळ उमटलेलं होतं, पातेल्याच्या तोंडाएवढं. मध्ये टपोरे थेंब, कडेला बारीक. त्याच्या बरोबर खाली कटाच्या आमटीचं पातेलं होतं. जेवणं आटोपल्यावर आवराआवरीच्या घाईत कुणीतरी ते गरम असतानाच, नुसती ताटली अर्धवट सरकवून आत ठेवलं होतं. शेजारी भाताचा कुकरही होता.

वाफेचा अंदाज घ्यायला मी पुढच्या वेळी दोन लिटर आमटी गरम असताना ओट्यावर वजनकाट्यावर ठेवली आणि उघडी ठेवूनच निवू दिली. निवेपर्यंत सत्तर ग्रॅमच्या आसपास वजन उतरलं. तेवढं पाणी वाफ होऊन हवेत गेलं. आता फ्रीजचा हिशेब पाहा. 5 अंशांवरची हवा एका घनमीटरला जेमतेम 7 ग्रॅम पाणी धरते. आमच्या 260 लिटरच्या फ्रीजमधली सगळी हवा मिळून पावणेदोन ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी पेलू शकते. गरम पातेल्यातून त्याच्या कितीतरी पट निघतं. जास्तीचं पाणी कुठेतरी थेंब होऊन बसणारच. पावसाळ्यात दार उघडल्यावर शिरणारी स्वयंपाकघरातली हवासुद्धा फ्रीजभर धरली तर पाच-सहा ग्रॅम पाणी घेऊन येते. सणाच्या दिवशी दार किती वेळा उघडतं ते सांगायला नको. तरी हवा फिरत असेल तर फ्रीज हे निस्तरतो. गरम पातेलं आणि बुजलेल्या खाचा एकत्र आल्या की त्याचं काही चालत नाही.

गरम भांड्याचा आणखी एक त्रास आहे. त्याच्या उष्णतेने आतलं तापमान वाढतं, मशीन जास्त वेळ चालतं आणि खाचांतून अतिगार हवेचा मारा सुरू राहतो. भिंत आणखी थंड होते, थेंब आणखी धरतात. अशा वेळी बरेच जण गारवा वाढवायला बटण पुढे नेतात. त्याने भिंतीवरचं पाणी वाढतं आणि मागचे पदार्थ गोठतात, पुढचं दूध मात्र तसंच राहतं. मी बटण मधल्या आकड्यावरच ठेवलं.

त्या दिवशी फ्रीज रिकामा केला, भिंत आणि शेल्फ सुक्या फडक्याने पुसले, मॅट काढून टाकल्या. परत लावताना मागे दोन बोटं जागा सोडली, डब्यांमध्ये हात जाईल एवढी फट ठेवली. अर्थात सगळं मावलं नाही. मग निवड करावी लागली. लोणचं, गूळ, न फोडलेल्या सॉसच्या बाटल्या, बटाटे आणि कांदे बाहेर आले. अर्धे भरलेले तीन मोठे डबे होते, त्यातले पदार्थ लहान डब्यांत गेले. नारळाचा चव फ्रीजरमध्ये टाकला. पालेभाज्या धुऊन तशाच ठेवल्या होत्या, त्या निथळवून कापडी पिशवीत ठेवल्या, कारण ओल्या भाजीतूनही पाणी हवेत जातच असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भिंत कोरडी झाली. रात्रभर ठेवलेला थर्मामीटर 5 अंशांवर आला होता. दादांना कळवलं, त्यांनी येण्याची गरज नाही म्हणून सांगितलं.

आता राहिला प्रश्न गरम पदार्थांचा. "पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रीजमध्ये ठेवायचं नाही" असं सासूबाई म्हणतात, आणि ते जुन्या फ्रीजच्या अनुभवातून आलेलं आहे. पण आपल्याकडच्या हवेत आमटीचं मोठं पातेलं ओट्यावर आपोआप निवायला चार-पाच तास लागतात, आणि तेवढ्यात ती आंबायला लागते. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, भात तर मुळीच नाही. म्हणून निववण्याचं काम आपण करायचं. मी परातीत गार पाणी घेते, त्यात पातेलं ठेवते आणि अधूनमधून पळीने ढवळते. परातीतलं पाणी कोमट झालं की एकदा बदलते. वीस-पंचवीस मिनिटांत आमटी हाताला कोमट लागते, वाफ येईनाशी होते. तेवढं पुरे. मग ती उथळ डब्यांत, तीन बोटांपेक्षा कमी थर राहील अशी ओतायची आणि घट्ट झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवायची. पूर्ण गार होण्याची वाट पाहायची गरज नाही, थोडी कोमट उष्णता फ्रीज सहज काढतो. त्याला त्रास होतो तो वाफेचा. भात ताटात पसरून पंख्याखाली ठेवते, तो त्याहूनही लवकर निवतो.

झाकण कधी लावायचं, हेही महत्त्वाचं आहे. वाफ येत असताना लावलं तर पाणी झाकणाला आतून धरतं आणि पदार्थातच गळतं, त्याने भाजी लवकर उतरते. वाफ थांबल्यावर लावायचं, पण लावायचंच. ताटली झाकून काम होत नाही, तिच्या कडेने ओलावा निघत राहतो.

माझ्या आईकडे एका दाराचा साधा फ्रीज आहे, त्याला हे सगळं तसंच्या तसं लागू होत नाही. तिथं पंखा नाही, वरच्या बर्फाच्या कप्प्याकडून गार हवा आपसूक खाली उतरते. काही फ्रीजमध्ये मागच्या भिंतीच्या आतच थंड नळ्या असतात. त्या भिंतीवर थेंब किंवा पातळ हिम येणं नेहमीचंच असतं, ते ओघळून खालच्या पन्हाळीतून भोकात जातं. तिथं बघायचं ते भोक. ते भाजीच्या देठाने किंवा चिकट्याने बुजलं तर पाणी ट्रेखाली साचतं. कापसाच्या काडीने हलकेच मोकळं करून थोडं कोमट पाणी सोडलं की ते वाहू लागतं.

आमच्यासारख्या फ्रॉस्ट फ्रीमध्ये मात्र खाचा मोकळ्या करून, गरम भांडी बंद करूनही एक-दोन दिवसांत भिंत कोरडी झाली नाही, किंवा फ्रीजरच्या तळाशी बर्फाची लादी दिसली, किंवा खाचेसमोर तळहात धरून हवेची झुळूक लागली नाही, तर मेकॅनिकला बोलवावं. झुळूक पाहताना मशीन चालू असायला हवं, आणि बऱ्याच फ्रीजमध्ये दार उघडलं की पंखा थांबतो, म्हणून दाराचा दिव्याचा खटका बोटाने दाबून धरावा लागतो. तेव्हाही काही लागलं नाही तर पंखा, हीटर किंवा नळी यांपैकी कशात तरी बिघाड आहे, आणि तो डबे हलवून सुटणारा नाही.