चंद्रकोरीची टोकं

वाळवंटाचा उपग्रह-फोटो समोर आला की मी आधी वारा शोधते. वारा फोटोत उमटत नाही, पण वाळूच्या टेकड्यांचा आकार त्याची दिशा सांगतो. फक्त एक घोळ आहे. चंद्रकोरीसारख्या टेकड्या दोन जातींच्या असतात आणि त्या नेमक्या उलट बोलतात.

पहिली जात बारखण. तिची टोकं वारा जिकडे जातो तिकडे पुढे आलेली असतात. दुसरी पॅराबोलिक. तिची टोकं वारा येतो त्या बाजूला, मागे लांबलेली. गंमत म्हणजे दोन्हींचं कारण एकच: टोकांकडे वाळू कमी असते. ठेंगणी टेकडी उंच टेकडीपेक्षा लवकर सरकते, म्हणून उघड्या वाळवंटात टोकं पुढे धावतात आणि पोट मागे राहतं. पण थोडा ओलावा असेल, झुडपं रुजत असतील, तर ती आधी या पातळ कडांवरच पाय रोवतात. मग टोकं जागीच अडकतात आणि मधली वाळू त्यांना मागे टाकून पुढे जाते.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधलं व्हाइट सँड्स यासाठी बघावं. जिप्समच्या पांढऱ्याशुभ्र टेकड्या, आणि जोराचा वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून. मधल्या उघड्या भागात बारखणांची टोकं ईशान्येकडे वळलेली दिसतात. तिथून कडेच्या झुडपांकडे सरकत गेलं, की त्याच वाऱ्यात टेकड्या पॅराबोलिक होतात आणि टोकं नैर्ऋत्येकडे फिरतात. नुसत्या आकारावर विसंबणारा माणूस इथे वारा उलटा फिरला असंच म्हणेल.

मग ओळखायचं कसं? तीव्र उतार शोधायचा. वाळू घसरून पडते तो, साधारण 30 ते 34 अंशांचा उतार नेहमी वाऱ्याच्या आडोशाला असतो. तो चंद्रकोरीच्या आतल्या, खोलगट बाजूला असला तर बारखण. बाहेरच्या फुगीर बाजूला असला तर पॅराबोलिक. टोकांवर झुडपांचे हिरवट-करडे ठिपके दिसले तर आणखी खात्री.

हा उतार बहुतेकदा सावलीवरून हेरावा लागतो आणि तिथे डोळा दगा देतो. असे फोटो काढणारा लँडसॅट उपग्रह सकाळी दहाच्या सुमारास वरून जातो. उत्तर गोलार्धात, विशेषतः हिवाळ्यात, तेव्हा ऊन आग्नेयेकडून, म्हणजे फोटोच्या खालच्या बाजूने येतं. आपल्या मेंदूला उजेड वरून यायची सवय, त्यामुळे टेकडी चक्क खड्डा दिसू लागते. अशा वेळी मी फोटो सरळ उलटा धरते. टेकडी वर येते. मात्र दिशाही उलटल्यात हे विसरायचं नाही, नाहीतर वाचवलेला वारा पुन्हा हातचा जातो.

एवढं करूनही शंका उरलीच, तर त्याच जागेचा काही वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवावा. टेकडी जिकडे सरकली असेल, वारा तिकडे जातो.