आमची वाटचाल : एका पत्रामुळे बदललेलं कोटेशन

आमचं काम बसच्या टायरांना कोल्ड प्रोसेसने रिट्रेडिंग करून देण्याचं, म्हणजे झिजलेल्या टायरवर आधीच तयार केलेला नवा ट्रेड, रस्त्याला लागणारा रबराचा थर, चिकटवण्याचं. बरीच वर्षं आमचं कोटेशन एका ओळीचं असे: टायरचा साइज आणि नगाचा दर. एका बस ताफ्याच्या व्यवस्थापकांचं पत्र आलं आणि ती ओळ अपुरी ठरली.

पत्रात २९५/८० आर २२.५ साइजच्या ४० केसिंगसाठी, म्हणजे ट्रेड झिजलेल्या टायरच्या सांगाड्यांसाठी, दर मागितला होता. खाली दोन प्रश्न होते. नव्या ट्रेडची खोली किती? आणि केसिंग कशावरून नाकारता, तेही कोणत्या टप्प्यावर?

पहिला प्रश्न साधा वाटतो, पण दराची खरी तुलना तिथेच होते. १६ मिमी खोलीचा ट्रेड ३ मिमी उरल्यावर काढला, तर वापरायला १३ मिमी मिळतात. १४ मिमीच्या ट्रेडमध्ये ११ मिळतात, म्हणजे सुमारे १५ टक्के कमी. तेव्हा दुसऱ्याचा दर १० टक्क्यांनी कमी असला तरी रबर सारखंच झिजत असेल, तर तोच महाग पडतो. टायर ३ मिमीच्या खाली रेटला की खडे पोलादी बेल्टपर्यंत पोचतात, पाणी शिरतं, तारा गंजतात आणि केसिंगच हातातून जातं.

दुसऱ्या प्रश्नाने आम्हाला निकष लिहून काढायला लावले. सगळ्यात फसवं केसिंग कमी हवेवर धावलेलं. बाहेरून ते धडधाकट दिसतं. आतल्या लायनरवर, खांद्याच्या खाली, सुरकुत्या, काळसर पट्टा किंवा रबराचा भुगा दिसला, तर साइडवॉलच्या तारा वाकून थकलेल्या असतात. असं केसिंग पुन्हा हवा भरताना साइडवॉलमधून फाटू शकतं, म्हणून ते सरळ नाकारायचं. इथे दुरुस्तीची भाषाच नको. शहरी बसमध्ये ब्रेक ड्रमच्या उष्णतेने टायरचं रिमवर बसणारं बीड कडक होऊन तडकतं, तेही बाद. ट्रेडमधलं खिळ्याचं भोक मात्र दुरुस्त होतं, गंज तारांच्या बाजूने पसरला नसेल तर. तो किती पसरलाय हे बफिंगनंतरच, म्हणजे जुना ट्रेड खरवडून काढल्यावरच दिसतं. बफ केलेला पृष्ठभागही फार वेळ उघडा ठेवता येत नाही, दमटपणा आणि धूळ बसली की नवा ट्रेड चिकटवणारा कुशन गम नीट धरत नाही.

त्यामुळे उत्तरात दर दोन भागांत दिला: पहिल्या तपासणीत बाद झाल्यास शुल्क नाही, बफिंगनंतर बाद झाल्यास फक्त बफिंगचं. बाद टायर नंबर आणि कारणाच्या खडूच्या खुणेसह परत करायचा, म्हणजे तो कोणत्या बसचा हे डेपोत शोधता येतं. एकाच बसची तीन-चार केसिंगं लायनरवरून बाद झाली, तर आधी त्या बसचे व्हॉल्व आणि हवा तपासण्याची वेळ पाहावी, हेही आम्ही त्याच उत्तरात लिहिलं.

पुढच्या चाकांसाठी त्यांनी रिट्रेड मागितलेच नव्हते. ते बरंच झालं, आम्हीही दिले नसते.