६.६ षटकं नव्हे, ३८ चेंडू

आमच्या क्लबच्या वीस षटकांच्या सामन्यांचं स्कोअरबुक गेल्या मोसमापासून माझ्याकडे आहे. त्यातला एक सामना आम्ही एका धावेने हरलो. आवश्यक धावगती तेव्हा मी चुकीची सांगितली होती.

समोरच्या संघाच्या १४७ झाल्या होत्या, म्हणजे आम्हाला १४८ हव्या होत्या. १३.४ षटकांत आमच्या ९६ झाल्या, तेव्हा पाणी घेऊन आत निघालेल्या मुलाने विचारलं, "दादा, ओव्हरला किती लागतायत?" मी मोबाइलवर २० मधून १३.४ वजा केले. ६.६ आले. ५२ ला ६.६ ने भागलं, ७.८८ आले. "ओव्हरला आठ घेत राहा म्हणावं, पुरतील." फलंदाजांनी निरोप अगदी चोख पाळला. पुढच्या ५ षटकांत ४० धावा, एकही धोक्याचा फटका नाही. मग राहिले ८ चेंडू आणि हव्या होत्या १२ धावा. त्यांतल्या १० झाल्या.

रात्री वही उघडून बसलो. चूक पहिल्याच ओळीत होती. १३.४ मधला टिंब दशांशचिन्ह नाही. तेरा षटकं पूर्ण आणि चौदाव्यातले चार चेंडू, एवढाच त्याचा अर्थ. ८२ चेंडू संपले होते, ३८ उरले होते. ३८ भागिले ६ म्हणजे ६.३३ षटकं, ६.६ नव्हेत. दीडहून थोडे जास्त चेंडू मी हिशेबात धरले होते, जे गोलंदाज टाकणारच नव्हता.

मग गणित असमानता म्हणून मांडलं. उरलेल्या षटकांत ओव्हरला सरासरी x धावा होणार असतील, तर

९६ + (३८ ÷ ६) × x ≥ १४८

यातून x किमान ८.२१ हवा. इथे बरोबरचं चिन्ह चालत नाही, कारण ८.२१ ही खालची मर्यादा आहे. नऊने गेलात तरी जिंकता. आठने गेलात तर ३८ चेंडूंत ५०.६७ होतात, म्हणजे ५२ नाहीतच. १४७ वर सामना बरोबरीत सुटतो, म्हणून उजवीकडे १४८ लिहायचे, हेही तेव्हाच पक्कं केलं.

तरी एक गोष्ट सुटत नव्हती. आठ आणि ८.२१ यांत फरक इतका थोडा, मग शेवटी एकदम ८ चेंडूंत १२, म्हणजे ओव्हरला नऊ, कसे झाले? त्यासाठी मी २ एप्रिल २०११ चा वानखेडेवरचा विश्वचषकाचा अंतिम सामना घेतला. लक्ष्य २७५. कोहली बाद झाला तेव्हा २१.४ षटकांत ३ बाद ११४. हव्या होत्या १६१, चेंडू १७०, धावगती ५.६८. तिथून गंभीर आणि धोनीने ११८ चेंडूंत १०९ धावा जोडल्या, ओव्हरला ५.५४. आपल्या आठवणीत ही भागीदारी सामना फिरवणारी आहे, आणि ती होतीच. पण ५.६८ च्या गतीने त्या ११८ चेंडूंत जवळपास ११२ व्हायला हव्या होत्या. म्हणजे तीनेक धावा मागे. ९७ वर गंभीर गेला तेव्हा ५२ चेंडूंत ५२ राहिल्या होत्या: धावगती नेमकी ६.

तीनच धावांची तूट, पण ती आता १७० चेंडूंवर नाही, ५२ चेंडूंवर वाटायची होती. म्हणून गती ०.३२ ने चढली. माझ्या सामन्यातही हेच झालं. ५ षटकांत आम्ही जेमतेम एका धावेने मागे पडलो होतो, पण ती एक धाव शेवटच्या ८ चेंडूंवर येऊन बसली. उरलेले चेंडू जितके कमी, तितकी तीच तूट जड. धोनी आणि युवराजने पुढच्या ४२ चेंडूंत ५४ काढल्या, ओव्हरला ७.७ हून जास्त, आणि १० चेंडू राखून सामना संपवला. सहा गडी हाताशी होते म्हणून तो वेग परवडला. असमानतेत गडी कुठेच नसतात. आठ बाद असतानाही ती ५२ चेंडूंत ५२ एवढंच दाखवते. ते कप्तानाने बघायचं.

वाइड आणि नो-बॉल मात्र तिच्यात नीट बसतात, चेंडू मोजत असाल तर: धावा एकने वाढतात, उरलेले चेंडू तेवढेच राहतात.

आता स्कोअरबुकच्या कडेला मी प्रत्येक षटकानंतर दोनच आकडे लिहितो, हव्या असलेल्या धावा आणि उरलेले चेंडू. पाणी नेणारा मुलगा विचारतो तेव्हा आधी तेच सांगतो. ओव्हरमागचा आकडा नंतर, आणि तो पूर्णांकात सांगायचा असेल तर वरचा: ८.२१ असेल तर "नऊ धरा".